राज्यसेवा पूर्वचा शेवटचा महिना: पहिल्यांदाच बसणाऱ्या आपल्या ग्रुपसाठी

पोरापोरींनो, उद्यापासून बरोबर एक महिना. काल अभ्यासिकेत तुमची चर्चा ऐकत होतो, जागा किती, कटऑफ कुठे लागेल, कुणाच्या टेलिग्रामवर कुठली नवीन पीडीएफ आली. तुमच्यातले बहुतेक जण पहिल्यांदा बसताय, त्यामुळे हा महिना नेमका कसा वापरायचा ते सविस्तर लिहून पाठवतोय. मोठं झालंय, पण एकदा शांतपणे वाचा आणि मग प्रश्न विचारा.

आधी परीक्षेचा हिशोब डोक्यात पक्का करा, कारण निम्म्या लोकांना तोच नीट माहीत नसतो. पेपर एक म्हणजे सामान्य अध्ययन, १०० प्रश्न, २०० मार्क, दोन तास. पेपर दोन म्हणजे सीसॅट, ८० प्रश्न, २०० मार्क, दोन तास, आणि तो फक्त पास व्हायचाय, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क. मेरिट लागतं ते पेपर एकवर. दोन्हीकडे चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा चौथा हिस्सा कापतात, म्हणजे पेपर एकमध्ये बरोबरला दोन आणि चुकलं तर वजा अर्धा. याचा अर्थ असा की जो प्रश्न तुम्ही आज चुकवताय तो उद्या बरोबर आला तर फायदा दोनचा नाही, अडीचचा होतो. या अडीचवरच आपला सगळा महिना चालणार आहे.

म्हणून पहिलं काम, नवीन काहीही न वाचता, उद्या सकाळी बरोबर १० वाजता आयोगाचा मागच्या कुठल्याही वर्षीचा एक पेपर सोडवायला बसायचं. क्लासची टेस्ट नको, आयोगाचाच पेपर हवा, कारण आयोगाची भाषा वेगळी असते आणि फसवायची पद्धत पण वेगळी असते. पेपर आणि उत्तरतालिका mpsc.gov.in वर मिळतात, फक्त एक लक्षात ठेवा, पहिली उत्तरतालिका आणि अंतिम उत्तरतालिका या दोन वेगळ्या असतात. पहिलीवर हरकती जातात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दच होतात. पहिली घेऊन तपासलंत तर चुकीचं उत्तर बरोबर समजून पाठ करून बसाल आणि ते डोक्यातून काढायला जास्त त्रास होतो. अंतिमच घ्या.

सोडवताना प्रत्येक प्रश्नाच्या शेजारी पेन्सिलीनं एक खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलात तर अर्धा, आणि काहीच माहीत नसताना ठोकून दिलं तर प्रश्नचिन्ह. सोडलेला प्रश्न कोरा. एवढीशी गोष्ट आहे पण करायचा कंटाळा सगळे करतात, आणि मग तपासल्यावर फक्त टोटल बघून एक तर खूश होतात नाहीतर चहाच्या टपरीवर तोंड पाडून उभे राहतात, दोन्हीत हाती काही लागत नाही.

आता एक पेपर उदाहरणादाखल उलगडून दाखवतो. समजा एकानं ८२ प्रश्न सोडवले, ४६ बरोबर, ३६ चूक, १८ कोरे. मार्क किती? ९२ वजा १८, म्हणजे ७४. आता खुणा बघू. खात्रीचे ४६ होते, त्यातले ३१ बरोबर आले आणि १५ चुकले. अर्ध्याचे २४ होते, १३ बरोबर, ११ चूक. प्रश्नचिन्हाचे १२, त्यातले फक्त २ लागले. गटागटानं मार्क काढा: खात्रीच्या गटातून साडेचोपन्न, अर्ध्याच्या गटातून साडेवीस, आणि ठोकलेल्या बाराचे मिळून वजा एक. म्हणजे बारा प्रश्नांवर वेळ घालवून एक मार्क गमावला. आणि जे दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न घाबरून सोडावेसे वाटत होते त्यांनी वीस मार्क दिले.

इथं खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ते खात्रीचे चुकलेले १५. तो पेपर परत उघडून एकेक प्रश्न वाचला तर साधारण असं दिसतं की ९ ठिकाणी प्रश्नच नीट वाचलेला नाही. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही’ असं होतं आणि यानं बरोबर विधान शोधून गोळा केला. किंवा पर्यायात ‘फक्त अ आणि ब’ होतं, याला तिन्ही विधानं बरोबर माहीत होती तरी घाईत पहिलाच पर्याय धरला. उरलेले ६ म्हणजे माहिती आहे पण एकात एक मिसळलेली. अर्ध्याच्या गटातले चुकलेले ११ पण तसेच, वाचलंय पण नीट आठवत नाही. आणि ठोकून चुकलेले १० तर मुळात वाचलेलेच नाहीत.

म्हणजे ३६ चुकांचे तीन ढीग झाले: वाचण्यातली चूक ९, गोंधळ १७, न वाचलेलं १०. आता महिन्याभरात काय होऊ शकतं ते बघा. नऊपैकी सहा चुका टाळल्या तर १५ मार्क. सतरापैकी आठ गोंधळ सुटले तर २० मार्क. ७४ चे १०९ झाले, आणि तिसऱ्या ढिगाला आपण अजून हातही लावलेला नाही. हा हिशोब मी मुद्दाम सांगतोय, कारण शेवटच्या महिन्यात सगळ्यांचा जीव त्या तिसऱ्या ढिगात अडकलेला असतो, ‘सर माझं विज्ञान राहिलंय’, ‘सर जागतिक भूगोल हातच लावला नाही’. राहू दे. एखाद्या राहिलेल्या विषयातले सरळ मार्क देणारे दोन-चार टॉपिक घ्या, बाकी सोडा. आत्ता मार्क दुसऱ्या ढिगात पडलेत.

वाचण्यातल्या चुकांना उपाय एकच आणि तो आजपासून हाताला सवय लावायचा: प्रश्नातल्या ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘फक्त’, ‘चुकीची जोडी’ या शब्दांभोवती गोल करायचा आणि पर्याय निवडल्यावर गोळा भरायच्या आधी प्रश्नाची शेवटची ओळ परत एकदा वाचायची. दोन सेकंद जातात. विधानांच्या प्रश्नात प्रत्येक विधानापुढे बरोबर की चूक ते आधी लिहायचं आणि मगच पर्यायांकडे बघायचं, पर्याय आधी बघितले की डोकं त्यांच्या मागे जातं.

दुसऱ्या ढिगासाठी वही करायची. चुकांची वही म्हटलं की पोरं काय करतात, तो सगळा प्रश्न, चारही पर्याय आणि स्पष्टीकरण सुंदर अक्षरात उतरवून काढतात, तीन रंगांची पेनं घेऊन, आणि परत ती वही उघडत नाहीत. तसं नको. एका गोंधळाला दोन-तीन ओळी, त्यात फक्त कशात काय मिसळलं ते लिहायचं. उदाहरण देतो. प्रार्थना समाजाच्या प्रश्नात पर्यायात दादोबा पांडुरंग आणि आत्माराम पांडुरंग दोघंही असतात आणि तुम्ही अडकता, कारण दोघं सख्खे भाऊ. वहीत एवढंच यायला हवं: दादोबा, परमहंस सभा, १८४९. आत्माराम, प्रार्थना समाज, १८६७. दोन्ही मुंबई. आणि लगेच खाली शेजारचे धोके लिहून ठेवायचे, सत्यशोधक समाज १८७३ पुणे, आर्य समाज १८७५ मुंबई, कारण पुढचा प्रश्न कालक्रम लावा असाच येणार आणि तेव्हा हे चारही एकत्र लागतील. म्हणजे चुकलेला प्रश्न एक, पण त्याच्या आसपासची जागा बंद झाली.

राज्यव्यवस्थेत असाच गोंधळ पंचायत राजच्या समित्यांचा होतो. बलवंतराय मेहता १९५७ केंद्राची, आणि महाराष्ट्राच्या वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, बाबूराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४. हे एका ओळीत लिहा. त्यात ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आणि अकराव्या परिशिष्टात २९ विषय, ७४ वी १ जून १९९३ पासून आणि बाराव्या परिशिष्टात १८ विषय, हे जोडीनं. एकेकटं पाठ केलं तर परीक्षेत २९ कुणाचे आणि १८ कुणाचे याचीच बोंब होते. गोंधळ नेहमी दोन सारख्या गोष्टींत होतो म्हणून वहीत पण त्या दोघी शेजारी-शेजारीच पाहिजेत.

भूगोलाला वही चालत नाही, कोरा नकाशा लागतो. महाराष्ट्राचे कोरे नकाशे झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठ्यानं आणा आणि रोज एक भरा, पुस्तक न बघता. आज फक्त गोदावरी आणि तिच्या उपनद्या, उजवीकडून दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा, डावीकडून कादवा, शिवना, पूर्णा, पुढे प्राणहिता आणि इंद्रावती. उद्या भीमा, उजवीकडून इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण आणि डावीकडून घोड, सीना. उजवं-डावं ठरवताना नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहिल्याची कल्पना करायची, कागदावरचं उजवं-डावं नाही. वरून खाली वाहणाऱ्या नदीला कागदाच्या डाव्या बाजूनं येऊन मिळते ती उजव्या काठाची उपनदी, आणि इथं दरवर्षी हुशार पोरं पण घसरतात.

आता दिवसाची विभागणी. घड्याळ लावून दहा-बारा तासांचं टाइमटेबल करून भिंतीला चिकटवायची हौस असेल तर करा, माझं म्हणणं एवढंच की दिवसाचे तीन तुकडे पडले पाहिजेत. सकाळी १० ते १२ हा वेळ प्रश्न सोडवायचा, कारण आपला पेपर एक १० ते १२ या वेळेत असतो आणि डोकं त्या वेळेला तापलेलं असायची सवय लागली पाहिजे. रोज पूर्ण पेपर नको, आठवड्यातून दोनदा पूर्ण, बाकी दिवशी एकाच विषयाचे मागचे प्रश्न. दुपारी, जेव्हा मेसचं जेवण झाल्यावर डोळे मिटायला लागतात, तेव्हा ३ ते ५ मध्ये सीसॅट, कारण तो पेपर पण ३ ते ५ असतो आणि त्याच झोपेशी तुम्हाला त्या दिवशी भांडायचंय. उरलेल्या वेळात सकाळी जे चुकलं त्याच विषयाची रिव्हिजन, तुमच्या आधीच्याच नोट्समधून. नवीन पुस्तक उघडायचं नाही, टेलिग्रामच्या पीडीएफ तर उघडायच्याच नाहीत.

रिव्हिजन म्हणजे पान परत वाचणं नाही, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी पोरं हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा रंगवताना दिसतात. वाचलेलं ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असा भास होतो. आधी कोऱ्या कागदावर त्या टॉपिकचं आठवतंय तेवढं लिहून काढा, मग नोट्स उघडा, जे राहिलं किंवा चुकलं तेवढंच वाचा, वही बंद करून परत लिहा. वेळ जास्त लागतो आणि त्रासही होतो, पण परीक्षेत जे करायचंय ते हेच आहे. तोच टॉपिक दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. एका दिवसात पूर्ण इतिहास संपवून पंचवीस दिवसांनी थेट परीक्षेत भेटायचं, असं केलं तर संपलाच समजा.

ग्रुपचं काय करायचं? संध्याकाळी ७ ते पावणेआठ, पाऊण तासच, घड्याळ लावून. प्रत्येकानं त्या दिवशी स्वतः चुकवलेले पाच प्रश्न घेऊन यायचे आणि बाकीच्यांना तोंडी विचारायचे. उत्तर देणाऱ्यानं नुसता पर्याय नाही सांगायचा, बाकीचे तीन का नाहीत ते पण सांगायचं, तिथंच कळतं कोणाला माहितीये आणि कोण ठोकतंय. चालू घडामोडी वाटून घ्या, एकाकडे योजना, एकाकडे पुरस्कार आणि नियुक्त्या, एकाकडे महाराष्ट्राची आर्थिक पाहणी आणि अर्थसंकल्प, एकाकडे पर्यावरण आणि अहवाल. पण वाटून घेणं म्हणजे नोट्सची देवाणघेवाण नाही. दुसऱ्याच्या नोट्स वाचून काही राहत नाही. ज्याचा विषय त्यानं रोज दहा प्रश्न करून आणायचे, बाकीच्यांनी सोडवायचे. जॉब करून अभ्यास करणाऱ्या दोघांनी रात्री ग्रुपवर व्हॉइस नोटनं प्रश्न टाकले तरी चालेल, त्यांच्यावर सातची सक्ती नाही.

त्या पाऊण तासात कटऑफ, जागा, जाहिरात, कोर्टात काय चाललंय, हे विषय काढायचे नाहीत. आठनंतर मेसमध्ये काय बोलायचं ते बोला.

किती अटेम्प्ट करायचे हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि त्याला सगळ्यांसाठी एक आकडा नसतो, कोणी सांगत असेल की ९० केलेच पाहिजेत तर त्याला विचारा कुणाचे. तुमचा आकडा तुमच्या खुणांमधून निघतो. गणित साधं आहे, पाचपैकी एक बरोबर आला की मार्क शून्यावर राहतात, दोन मिळाले, चार गुणिले अर्धा म्हणजे दोन गेले. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तर चारात एक लागायला हवा, म्हणजे कागदावर किंचित फायदाच दिसतो. पण आयोग पर्याय असे ठेवतो की न वाचलेल्या माणसाला चुकीचाच बरोबर वाटतो, म्हणून वरच्या उदाहरणात बाराला दोनच लागले. दोन पर्याय पक्के कटले असतील तर सोडू नका, तिथे निम्मे लागले तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण मार्क पदरात पडतो. चार-पाच पेपरांत तुमच्या अर्ध्याच्या खुणांचे किती टक्के लागतात ते बघा, आणि तेच बघून ठरवा. कुणाचे साठ टक्के लागतात, कुणाचे तीसच लागतात, ज्याचे तीस लागतात त्यानं आधी गोंधळाची वही भरावी.

आणि ओएमआरचा सराव. शंभर प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच वाचणं, विचार आणि गोळा. काही जण सगळे प्रश्न प्रश्नपत्रिकेवर सोडवतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत गोळे भरायला घेतात, मग एक प्रश्न सुटला की पुढचे सगळे एक घर सरकतात, आणि खोडता तर येत नाही. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोळे भरा, कोरा सोडलेल्या प्रश्नाचा नंबर मनात म्हणा. घरी प्रत्येक पूर्ण पेपर झेरॉक्स केलेल्या ओएमआरवर, काळ्या बॉलपेननंच. सूचनांचं पहिलं पान त्या दिवशी पूर्ण वाचायचं, मागच्या वर्षी असं होतं म्हणून या वर्षी पण असंच असेल हे गृहीत धरायचं नाही.

आता सीसॅट. ‘फक्त पास व्हायचंय’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण पेपर एकला चांगले मार्क असून इथं अडकलेली पोरं मी बघितलीत. इथं बरोबरला अडीच आणि चुकलं की वजा ०.६२५. समजा तुम्ही ४५ सोडवले, ३० बरोबर आले, १५ चुकले. ७५ मधून ९.३७५ गेले, उरले ६५.६२५. नापास. अर्ध्या मार्कापेक्षाही कमी फरकानं, आणि पेपर एक कितीही भारी गेला असला तरी तो तपासायचा संबंधच संपला. म्हणून लक्ष्य ६६ नाही, घरी सोडवताना ९० च्या आसपास आलं पाहिजे, तेव्हा परीक्षेच्या ताणात ७५ तरी हातात राहतात. कला शाखेवाल्यांनी उताऱ्यांवर भर द्यावा पण गणिताला पूर्ण पाठ फिरवू नये, टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम, दिशा, नातेसंबंध, मालिका, एवढे प्रकार रोज दहा-दहा केले तरी महिन्यात हात बसतो. इंजिनिअरिंगवाल्यांचं उलटं, ते गणितात वीस मिनिटं एकाच प्रश्नाशी कुस्ती खेळतात आणि उतारे राहून जातात. निर्णयक्षमतेचे प्रश्न शेवटी असतात आणि त्यांना निगेटिव्ह नाही असं सूचनेत दिलेलं असतं, ते सगळेच्या सगळे सोडवायचे, वेळ संपला म्हणून ते कोरे राहणं म्हणजे हातातले मार्क टाकून येणं.

शेवटचे चार दिवस पूर्ण पेपर सोडवायचा नाही. त्या वेळी एखाद्या टेस्टमध्ये कमी पडले की पोरं अख्खं नियोजन मोडून टाकतात. फक्त चुकांची वही, नकाशे, आणि ग्रुपमध्ये झालेले चालू घडामोडींचे प्रश्न. रात्री अकराला लाइट बंद, रात्रीचे अभ्यासू असलात तरी, कारण सकाळी १० ला डोकं चालायला झोपेचं चक्र आधीच बदलावं लागतं, ते आदल्या रात्री बदलत नाही. केंद्र आदल्या दिवशी बघून या, प्रवेशपत्राची प्रिंट आणि ओळखपत्राची मूळ प्रत व झेरॉक्स एकाच पाकिटात.

परीक्षेच्या दिवशी १२ ते ३ हा मधला वेळ सगळ्यात धोक्याचा. बाहेर आलं की शंभर जण शंभर उत्तरं सांगत असतात, कुठल्यातरी क्लासची आन्सर की मोबाइलवर यायला लागते, आणि तुमच्या खात्रीच्या तीन प्रश्नांची उत्तरं चुकली असं कळलं की दुपारचा पेपर हातातून गेलाच. आपला ग्रुप एकत्र जेवेल तरी चालेल, फक्त पेपर एकचं नाव काढेल त्यानं सगळ्यांच्या जेवणाचे पैसे द्यायचे. थोडंच खा, पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा, अडीचला परत गेटवर.

उद्या सकाळी पावणेदहाला अभ्यासिकेत, पेन्सिल आणि काळं पेन घेऊन. पेपरच्या झेरॉक्स मी आणतो.